एक वादक, चार पथकं: फ्रेम न बदलता स्प्राइटचे रंग बदलायचे कसे?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना कोड वाचून दाखवण्यात अर्थ नव्हता, म्हणून तो इथे दिलाय.)

कानात इयरफोन, हातात फोन, आणि बहुतेक जण बसमध्ये किंवा लोकलमध्ये असाल, असं गृहीत धरून सुरुवात करतो.

मागे एकदा बोललो होतो, की मी ढोल-ताशावर एक छोटा रिदम गेम बनवतोय. बीटवर बोट टेकवायचं, पडद्यावरचा वादक टिपरू मारतो, एवढंच. त्यातला ढोलवादक मी पिक्सेल आर्टमध्ये काढला. ३२ पिक्सेल रुंद, ४८ पिक्सेल उंच. उभं राहण्याच्या ४ फ्रेम, चालण्याच्या ८, वाजवण्याच्या १२ आणि शेवटी ढोल उंचावून जल्लोष करण्याच्या ६. एकूण ३० फ्रेम. यात माझे जवळपास दोन महिने गेले, कारण नोकरी सांभाळून रात्रीच वेळ मिळायचा.

मग लक्षात आलं, की गेममध्ये पथकं चार आहेत. एकाचा फेटा भगवा, एकाचा निळा, एकाचा झब्बा पिवळा. म्हणजे आणखी ९० फ्रेम? तेव्हा पॅलेट स्वॅपकडे वळलो. ही युक्ती मला माहीत होती. पण ती चालण्यासाठी चित्र आधीपासून एका विशिष्ट पद्धतीने काढलेलं असावं लागतं, हे मात्र मी तोंडावर आपटल्यावर शिकलो. आजचा भाग त्याच आपटण्याबद्दल आहे.

आधी थोडं मागे जाऊ. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स घ्या. त्यातला लुइजी म्हणजे वेगळे रंग घातलेला मारिओच. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हा तर एकच आकार आहे, एकदा पांढरा आणि एकदा हिरवा. हे आळसापोटी केलेलं नव्हतं. त्या मशीनमध्ये, म्हणजे एनईएसमध्ये, स्प्राइटच्या पिक्सेलमध्ये रंग साठवलेलाच नसायचा. साठवलेला असायचा फक्त एक आकडा: ०, १, २ किंवा ३. शून्य म्हणजे पारदर्शक. बाकी तीन आकड्यांना कुठला रंग द्यायचा, ते वेगळ्या छोट्या तक्त्यात लिहिलेलं असायचं, आणि स्प्राइटसाठी असे चार तक्ते असायचे. चित्र तेच ठेवून तक्ता बदलला, की मारिओचा लुइजी. मॉर्टल कॉम्बॅटमधला पिवळा स्कॉर्पियन आणि निळा सब-झीरो हे दोघं याच विचाराची पुढची पिढी.

तर मुद्दा असा, की पॅलेट स्वॅप म्हणजे ‘भगवा शोधा आणि निळा करा’ नव्हे. चित्रात रंग नसतोच, रंगाचा क्रमांक असतो. पाच नंबरचा पिक्सेल हा पाच नंबरचाच राहतो. पाच नंबर म्हणजे भगवा की निळा, हे तक्ता ठरवतो. हा फरक आत्ता किरकोळ वाटेल. मलाही वाटला होता.

आता माझी फजिती ऐका. पिक्सेल आर्ट करणाऱ्यांना कमी रंगांत काम भागवायची खुमखुमी असते. मी माझा वादक मोजून १० रंगांत बसवला होता. बाह्यरेषा एक, त्वचेच्या तीन छटा, फेट्याच्या तीन, झब्ब्याच्या तीन. मग ढोलाचं काय? ढोलाच्या लाकडी खोडाला मी त्वचेच्याच दोन गडद छटा वापरल्या आणि पानाला, म्हणजे ढोलाच्या चामड्याच्या तोंडाला, झब्ब्याचा फिकट पांढरा. दिसायला एकदम झकास होतं. दहा रंगांत अख्खा ढोलवादक, मी स्वतःवरच खूश!

पहिला प्रयोग केला भगव्या फेट्याचा निळा करण्याचा. तीन नंबर बदलले आणि तिसाच्या तीस फ्रेम एका क्षणात निळ्या झाल्या. तुम्हाला सांगतो, रात्री साडेबाराला मी एकटाच टाळ्या वाजवल्या. मग दुसऱ्या पथकासाठी झब्बा पिवळा केला आणि ढोलाचं पानसुद्धा हळदीत बुडवल्यासारखं पिवळं झालं. सगळे वादक एकाच वर्णाचे नकोत म्हणून एकाची त्वचा गडद केली, तर ढोलाचं लाकूडही गडद. दुसऱ्याची उजळ केली, तर ढोल फिका. माणसाच्या कातडीबरोबर ढोल रंग बदलतोय!

चूक कुठे झाली ते कळलं असेलच. डोळ्याला जो एक पांढरा दिसत होता, त्याची कामं दोन होती. पण क्रमांक एकच. तक्त्याला कसं कळणार, की हा पांढरा कापडाचा आणि तो पांढरा चामड्याचा? म्हणून नियम असा, की रंग मोजायचे नाहीत, वस्तू मोजायच्या. पुढे कधीतरी वेगळी रंगवावी लागेल अशी प्रत्येक गोष्ट वेगळा क्रमांक मागते. आज दोघांचा रंग अगदी सारखा असला तरीही.

मी परत मांडणी केली. शून्य रिकामा. १ बाह्यरेषा. २, ३, ४ त्वचा. ५, ६, ७ फेटा. ८, ९, १० झब्बा आणि विजार. ११ आणि १२ लाकूड, म्हणजे ढोलाचं खोड आणि टिपरू. १३ ढोलाचं पान. १४ आणि १५ मी राखून ठेवले, ते का ते पुढे सांगतो. एकूण १६ जागा.

आता आधीच काढून झालेल्या ३० फ्रेममध्ये पान आणि झब्बा वेगळे कसे करायचे? चालण्याच्या फ्रेममध्ये ढोल वेगळ्या लेयरवर होता, तिथे काम मिनिटांत झालं. मी एसप्राइट वापरतो. त्यात फक्त ढोलाचा लेयर निवडून `Replace Color` केलं. पानाचा पांढरा काढून तिथे भडक गुलाबी टाकला, लाकडाच्या दोन छटांना दोन प्रकारचे झगझगीत हिरवे. मुद्दाम असे रंग घेतले, जे चित्रात दुसरीकडे कुठेच नाहीत. पण वाजवण्याच्या १२ फ्रेम मी एका जोशात एकाच लेयरवर काढल्या होत्या. तिथे प्रत्येक फ्रेममध्ये जाऊन रंगाची बादली ओतावी लागली. जिथे झब्बा आणि पान एकमेकांना चिकटले होते आणि मध्ये बाह्यरेषा नव्हती, तिथे बादलीचा रंग झब्ब्यात घुसायचा. ते पिक्सेल पेन्सिलने एकेक करून भरले. एक अख्खा रविवार गेला. पण लक्षात घ्या, मी काहीच नव्याने काढत नव्हतो. हाताची हालचाल, टिपरूचा वेग, सगळं तसंच होतं. फक्त कुठला पिक्सेल कुणाचा, एवढं ठरवत होतो.

यानंतर १६ रंगांची पॅलेट वर सांगितलेल्या क्रमाने बनवली, तेच गुलाबी-हिरवे खोटे रंग त्यात ठेवून, आणि मग चित्र `Sprite > Color Mode > Indexed` मध्ये नेलं. क्रम महत्त्वाचा आहे. खोटे रंग टाकण्याआधीच इंडेक्स्ड केलं असतं, तर सारखे दिसणारे दोन पांढरे एकाच क्रमांकात जाऊन बसले असते आणि सगळं परत पहिल्यापासून. इंडेक्स्ड झाल्यावर मात्र मजा आहे. पॅलेटमधला १३ नंबर गुलाबीचा पांढरा केला, की सगळ्या फ्रेममधलं पान पांढरं. पॅलेट बदलल्यावर कधी कधी रिमॅपचं बटण दिसतं, त्याला हात लावायचा नाही. ते रंग तसेच दिसावेत म्हणून क्रमांक बदलतं, आणि आपल्याला हवं आहे नेमकं उलटं.

खोटे रंग लगेच काढू नका, त्यांचा अजून एक उपयोग आहे. सोळाच्या सोळा जागांना एकमेकांशी न जुळणारे भडक रंग द्या आणि ॲनिमेशन चालवा. वादक जत्रेतल्या रंगीत दिव्यांसारखा दिसेल, पण चुकलेला पिक्सेल लगेच डोळ्यांत भरतो. माझ्या जल्लोषाच्या एका फ्रेममध्ये कोपरावर दोन पिक्सेल लाकडाचे निघाले. मूळ रंगात ते मला आयुष्यभर दिसले नसते. निळ्या पथकात मात्र हात वर गेला की कोपर लुकलुकलं असतं.

आता हे गेममध्ये न्यायचं. मी गोडो वापरतो. इथे पहिली अडचण ही, की तुम्ही इंडेक्स्ड पीएनजी दिली तरी गोडो आत घेताना तिचं साधं रंगीत चित्र करतो. आपले क्रमांक गेले! म्हणून क्रमांकच रंगाच्या वेषात पाठवायचा. एक पॅलेट बनवायची, जिच्यात लाल रंगाची मात्रा क्रमांक गुणिले १६ इतकी, हिरवा आणि निळा शून्य. म्हणजे १ नंबरचा लाल १६, २ नंबरचा ३२, असं करत १५ नंबरचा २४०. इंडेक्स्ड चित्रावर ही पॅलेट `Load Palette` ने चढवली, की सगळा वादक काळसर-लाल भुतासारखा दिसतो. तीच पीएनजी एक्सपोर्ट करायची. म्हणजे गेमसाठीचं चित्र बनवायलासुद्धा आपण पॅलेट स्वॅपच वापरला.

सोबत दुसरं एक चिमुकलं चित्र लागतं. १६ पिक्सेल रुंद आणि ४ पिक्सेल उंच. प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक पथक, प्रत्येक उभा रकाना म्हणजे एक क्रमांक. हाच आपला तक्ता. मग शेडर एवढाच:

```
shader_type canvas_item;

uniform sampler2D palette : filter_nearest;
uniform int row = 0;

void fragment() {
    vec4 px = texture(TEXTURE, UV);
    int i = int(round(px.r * 255.0 / 16.0));
    vec4 c = texelFetch(palette, ivec2(i, row), 0);
    COLOR = vec4(c.rgb, px.a);
}
```

साध्या मराठीत सांगायचं, तर पिक्सेलचा लाल वाच, त्याला १६ ने भागून क्रमांक काढ, आणि तक्त्यातल्या `row` नंबरच्या ओळीत त्या रकान्यात जो रंग आहे तो दाखव. पारदर्शकता मूळ चित्राचीच ठेव.

हे पहिल्यांदा चालवलं, तेव्हा वादकाच्या बोटांभोवती रंगीत कण चमकत होते. हात ढोलावर टेकला की तिथे झब्ब्याच्या रंगाचे ठिपके! आता हाताच्या आणि ढोलाच्या मध्ये झब्बा कुठून आला? कारण मोठं गमतीशीर आहे. गोडो चित्र मोठं करताना शेजारच्या पिक्सेलचे रंग एकमेकांत मिसळून कडा मऊ करतो. साध्या चित्रात त्याने फक्त धूसरपणा येतो. आपल्याकडे ते रंग नसून क्रमांक आहेत. त्वचा ३ नंबर, म्हणजे लाल ४८. पान १३ नंबर, म्हणजे लाल २०८. दोघांची सरासरी १२८. त्याला १६ ने भागा, येतात ८. आणि ८ नंबर म्हणजे झब्बा! तीन आणि तेरा नंबरच्या घराच्या मधोमध आठ नंबरचं घर असतं, पण म्हणून आठ नंबरवाला त्या दोघांचा नातेवाईक होत नाही. उपाय एका ओळीचा आहे: प्रोजेक्ट सेटिंगमध्ये `Default Texture Filter` हा `Nearest` करायचा. त्या चित्राचे मिपमॅप बंदच ठेवायचे, आणि इम्पोर्टमध्ये कॉम्प्रेशन `Lossless` ठेवायचं. रंग थोडा इकडे-तिकडे करून जागा वाचवणारं कुठलंही कॉम्प्रेशन इथे चालत नाही. १६-१६ चं अंतर ठेवल्यामुळे लाल सात अंकांनी सरकला तरी क्रमांक बरोबर येतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

कडेला असे परके कण दिसले, की आधी फिल्टर तपासा. अख्खा तुकडाच चुकीच्या रंगाचा असेल, तर चूक चित्रात आहे. माझं निम्मं डोकेदुखीचं काम एवढ्या एका फरकाने वाचलं.

तांत्रिक बाजू इथे संपली, पण खरी कसोटी रंग निवडताना लागते. निळ्या फेट्यासाठी मी आधी सरळ तीन निळे घेतले, उजळ, मध्यम, गडद. फेटा सपाट दिसायला लागला, घड्या गायब, आणि खालची कड बाह्यरेषेत मिसळून डोकं लहान वाटायला लागलं. चित्र तेच, पिक्सेल तेच, मग बिघडलं काय? मी चित्र करड्या रंगात बदलून प्रत्येक छटा किती उजळ आहे ते मोजलं. शून्य म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. भगव्याच्या तीन छटा होत्या साधारण १८९, १४५ आणि ९०. माझ्या निळ्याच्या निघाल्या ८६, ५१ आणि २७. आणि बाह्यरेषा होती २३! म्हणजे फेट्याची सावली आणि रेषा यांत फरकच उरला नव्हता. शुद्ध निळा आपल्या डोळ्याला मुळातच गडद दिसतो, ते मी विसरलो होतो. मग `#8CC4FF`, `#4A90E0` आणि `#2C4FA8` असे निळे घेतले. त्यांचा उजेड १८६, १३२ आणि ७९ येतो, म्हणजे भगव्याच्या जवळपास. घड्या लगेच परत आल्या. फ्रेम काढताना तुम्ही जो उजेड-सावलीचा हिशोब केला होता, तो पॅलेट बदलतानाही जपावा लागतो. रंग काहीही घ्या, उजेडाच्या पायऱ्या त्याच ठेवा.

पण दोन फेट्यांचा उजेड तंतोतंत सारखा असला, तर आणखी एक पंचाईत होते. लाल-हिरवा फरक ज्यांना नीट दिसत नाही, त्यांना लाल आणि हिरवं पथक एकच वाटतं. म्हणून समोरासमोर येणारी दोन पथकं मी लाल-हिरवी न ठेवता भगवी-निळी ठेवली. शिवाय त्यांच्या झब्ब्यांचा उजेड थोडा वेगळा ठेवला.

आता ते राखून ठेवलेले १४ आणि १५. आपण मघाशी एका रंगाचे दोन क्रमांक केले ना, तीच गोष्ट मुद्दाम वापरता येते. १४ नंबर मी ओठाच्या वरच्या चार पिक्सेलना दिला. पहिल्या ओळीत १४ चा रंग त्वचेच्या मधल्या छटेइतकाच आहे, त्यामुळे तिथे काही आहे हे दिसतच नाही. दुसऱ्या ओळीत १४ गडद केला, की वादकाला मिशी फुटते! १५ नंबर कपाळावर तीन पिक्सेलांत. एका पथकात तो त्वचेत लपलेला, दुसऱ्यात लाल चंद्रकोर. तिसाही फ्रेममध्ये हे पिक्सेल एकदाच टाकावे लागले. एक अट आहे, की जिथे असं काही लपवायचं तिथली त्वचा एकाच छटेची हवी. मिशीचे दोन पिक्सेल उजेडात आणि दोन सावलीत असले, तर मिशी लपवल्यावर तिथे ठिगळ दिसतं. जल्लोषात वादक मान वर करतो, तिथे माझं तेच झालं. शेवटी त्या दोन फ्रेममधली सावली मी थोडी खाली सरकवली.

आणि जे जमत नाही, ते जमत नाही. पथकातल्या मुली काढायच्या होत्या. नऊवारीचा काष्टा, खोपा, ढोल धरायची पद्धत, सगळा बाह्याकारच वेगळा. तिथे पॅलेटने काही होणार नव्हतं, त्या ३० फ्रेम मी नव्याने काढतोय. बाहेरची रेषा बदलणार असेल, तर पॅलेट स्वॅपचा नाद सोडा.

कुणीतरी विचारेल, आजच्या फोनला एवढी काटकसर कशाला? खरंय. माझ्या ३० फ्रेम फोनच्या मेमरीत साधारण १८० केबी घेतात. चार वेगळे संच ठेवले तरी ७२० केबी. फोनला त्याचं काहीच नाही, मी मेमरीसाठी हे केलंच नाही. झालं असं, की गेल्या महिन्यात एका मित्राने, जो खरा पथकात वाजवतो, गेम बघून सांगितलं, ‘अरे, टिपरू असं मनगटातून येतं, तू कोपरातून मारतोयस.’ मी वाजवण्याच्या पाच फ्रेम दुरुस्त केल्या. पाचच. चारही पथकं त्याच रात्री मनगटातून वाजवायला लागली.

जाता जाता शेवटचा एक बग, कारण तो तुम्हालाही चावणार आहे. पडद्यावर एका वादकाचा `row` बदलला आणि मिरवणुकीतल्या सगळ्यांचे फेटे एकदम बदलले. सगळे जण एकच मटेरियल वापरत होते. त्या मटेरियलमध्ये `Local to Scene` वर टिक करा, मग प्रत्येक वादकाच्या सीनला स्वतःची प्रत मिळते.

तुमच्याकडे एखादा जुना स्प्राइट पडून असेल, तर आज घरी जाऊन त्याच्यातले रंग नाही, वस्तू मोजा. किती निघाल्या ते कळवा. भेटू पुढच्या भागात, ताशाचे आवाज रेकॉर्ड करताना शेजाऱ्यांशी काय झालं, ते घेऊन.